आधी असलेली सावली, मग नसलेली

घरावर सोलर बसवायचं ठरलं की दोन-तीन कंपन्यांकडून प्रस्ताव येतात. प्रत्येकात किमतीचा तक्ता असतो, पॅनेलची माहिती असते आणि हल्ली एक चित्रही असतं. तुमच्याच घराचा फोटो आणि त्यावर बसवलेली सोलर पॅनेल. ग्राहकाची नजर सर्वात आधी तिथेच जाते आणि घरातली मंडळी त्यावरूनच बोलायला लागतात. म्हणून हे चित्र नीट केलेलं असायला हवं. मी सोलरच्या प्रस्तावांसाठी अशी चित्रं करते, आणि चित्र खरं आहे की नुसतं चिकटवलेलं, हे सावलीवरून ओळखता येतं असा माझा अनुभव आहे. पॅनेल कुठे पडलंय, किती तिरकं आहे, जमिनीपासून किती वर आहे, या सगळ्याचा हिशेब सावलीत उतरतो.

पुण्यातल्या एका बंगल्याचं उदाहरण घेऊन हे काम पायरीपायरीने सांगते. तळमजला अधिक एक मजला, वर सपाट गच्ची, म्हणजे आपल्याकडे सर्वत्र दिसणारं घर. प्रणाली तीन किलोवॅटच्या आसपासची. २०२४ साली आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला मिळणारं अनुदान तीन किलोवॅटला ७८ हजार रुपयांवर थांबतं, त्यामुळे पुष्कळ घरं हाच आकडा निवडतात. ५५० वॅटची सहा पॅनेल लावली की ३.३ किलोवॅट होतात. असं एक पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब आणि १.१३ मीटर रुंद असतं. सहा पॅनेल उभी, एकमेकांशेजारी लावली की मधल्या फटी धरून ६.९ मीटरची रांग होते.

पहिला प्रश्न फोटो कुठून काढायचा हा. बहुतेक ग्राहक घरासमोर रस्त्यावर उभं राहून काढलेला फोटो पाठवतात, आणि चित्र बिघडायला तिथूनच सुरुवात होते. या घराची गच्ची जमिनीपासून साडेसहा मीटरवर आहे आणि तिला मीटरभर उंचीचा कठडा आहे. बारा मीटर अंतरावर उभा असलेला माणूस कठड्याकडे बघतो तेव्हा त्याची नजर जवळजवळ २६ अंश वर वळलेली असते. पॅनेलचा उतार मात्र १५ अंशांचाच आहे. म्हणजे मध्ये कठडा नसता तरी त्याला पॅनेलची काच दिसली नसती, खालची बाजूच दिसली असती. कठडा असल्यावर तर काहीच दिसत नाही. तरीही रस्त्यावरून काढलेल्या फोटोवर कठड्याच्या वर, जाहिरातीच्या फलकासारखी रस्त्याकडे झुकलेली निळी पॅनेल दाखवलेले प्रस्ताव सर्रास फिरतात. तशी पॅनेल बसवायची म्हटली तर ती जवळपास उभी करावी लागतील. त्या चित्रावर भरवसा ठेवणाऱ्या ग्राहकाला काम झाल्यावर खालून काहीच दिसत नाही, आणि मग आपल्याला फसवलं असं त्याला वाटतं.

म्हणून फोटो वरून हवा. ड्रोनचा चालतो. नाहीतर समोरच्या उंच इमारतीची गच्ची उत्तम. आमच्या उदाहरणातला फोटो दक्षिणेला रस्त्यापलीकडे असलेल्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून घेतलेला आहे. फोनचा मुख्य कॅमेरा वापरायचा. वाइड लेन्समध्ये फोटोच्या कडेच्या सरळ रेषा वाकतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. फोटो मूळ फाइल म्हणूनच मागवायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्याच्या पोटात असलेली तारीख, वेळ आणि ठिकाण ही माहिती निघून जाते. आपल्याला नेमकी तीच हवी असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती शाबूत राहते.

हा फोटो २१ डिसेंबरला दुपारी तीन वाजता काढला. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. वर्षातल्या सर्वात लांब सावल्या याच सुमाराला पडतात. या दिवशी जिथे सावली नाही, तिथे उरलेल्या वर्षात त्याच वेळी दक्षिणेकडच्या वस्तूची सावली सहसा येत नाही.

फोटोबरोबर टेपने घेतलेली मापंही लागतात. कठड्याच्या आत गच्ची पूर्व-पश्चिम दहा मीटर आणि दक्षिण-उत्तर नऊ मीटर. नैर्ऋत्य कोपऱ्यात जिन्याची खोली, अडीच मीटर रुंद, चार मीटर लांब आणि २.४ मीटर उंच. तिच्या डोक्यावर पाण्याची टाकी, तिचा माथा गच्चीपासून ३.८ मीटरवर. उत्तर दिशा फोनच्या होकायंत्रावरून ठरवायची नाही, कारण स्लॅबमधल्या सळ्यांमुळे सुई भरकटते. उपग्रहाच्या नकाशात उत्तर वर असते, तिथे घराच्या भिंतीची रेषा मोजून दिशा घेतलेली बरी. या घराच्या भिंती जवळपास बरोबर उत्तर-दक्षिण आहेत.

आता चित्राचं काम. माझी पद्धत अशी की पॅनेलला हात लावण्याआधी फोटोत जे आहे तेच संगणकात पुन्हा उभं करायचं. fSpy नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे. त्यात फोटो उघडून कठड्याच्या एका दिशेच्या दोन कडांवर दोन रेषा ठेवायच्या आणि काटकोनातल्या दुसऱ्या दिशेच्या कडांवर आणखी दोन. समांतर कडा फोटोत दूरवर एका बिंदूकडे धावतात. चित्रकलेच्या तासाला शिकवतात तो व्हॅनिशिंग पॉइंट. अशा दोन बिंदूंवरून कॅमेरा कुठे होता, कुठे वळला होता आणि त्याची लेन्स केवढी होती हे प्रोग्राम काढून देतो. कठड्याच्या एका बाजूची लांबी दहा मीटर सांगितली की माप बसतं. हा कॅमेरा ब्लेंडर या मोफत थ्रीडी प्रोग्राममध्ये घेतला की फोटोच्या पाठीमागे खरी जागा तयार होते. तिथे टेपच्या मापांनी गच्ची, कठडा, जिन्याची खोली आणि टाकी साध्या ठोकळ्यांनी उभारायची. ठोकळ्यांच्या कडा फोटोतल्या कडांवर तंतोतंत बसल्या तर माप बरोबर. एखादी कड सरकली असेल तर फोटोला दोष देण्याआधी टेप पुन्हा बघायची.

मग सूर्य. ब्लेंडरला ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ दिली की तो सूर्य जागेवर ठेवतो. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. २१ डिसेंबरला दुपारी तीन वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३५ अंश वर आणि दक्षिणेपासून ४२ अंश पश्चिमेला असतो. त्यामुळे प्रत्येक सावली वस्तूच्या उंचीच्या जवळजवळ दीडपट, नेमकं सांगायचं तर १.४४ पट लांब होते आणि ईशान्येकडे पडते. इथे एक चूक हमखास होते. भारताची घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहेत, म्हणून UTC Zone या चौकटीत 5.5 लिहावं लागतं. तिथे 5 राहिलं तर सूर्य अर्ध्या तासाने, म्हणजे त्याच्या रोजच्या वाटेवर साडेसात अंशांनी चुकतो.

आता संगणकाने काढलेली जिन्याच्या खोलीची आणि टाकीची सावली फोटोतल्या खऱ्या सावलीशी ताडून बघायची. माझ्या मते सगळ्या कामात हीच पायरी सर्वात मोलाची. दोन्ही सावल्यांच्या कडा एकमेकींवर बसल्या तर उत्तर दिशा, वेळ, उंची, कॅमेरा, सगळं एका फटक्यात तपासून होतं. सावली वळलेली दिसली तर दिशा किंवा वेळ चुकली. वळण बरोबर पण लांबी कमी-जास्त असेल तर उंचीचं माप चुकलं. जी सावली फोटोत आधीच आहे ती जुळल्याशिवाय जी अजून नाही ती काढायला घ्यायची नाही.

एवढं झालं की पॅनेल ठेवायची. पुण्यात पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाच्या जवळपास किंवा त्याहून थोडी कमी तिरकी बसवतात. आम्ही १५ अंश धरले. २.२८ मीटरचं पॅनेल १५ अंशांवर उचललं की त्याची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सेंटीमीटर वर जाते, आणि गच्चीवर त्याने व्यापलेली जागा २.२० मीटर उरते. पुढचे पाय अर्धा मीटर ठेवले तर मागची कड १.१ मीटरवर येते. चित्रात हाच उतार ३० अंशांचा काढला तर मागची कड आणखी अर्ध्या मीटरहून जास्त वर जाईल. ती कठड्याच्या बरीच वर डोकावेल आणि प्रत्यक्षात बसणारं स्ट्रक्चर वेगळंच दिसेल.

थ्रीडी न वापरता नुसत्या फोटो एडिटरमध्ये पॅनेल चिकटवणाऱ्यांची चूक बहुधा याच उतारात होते. ते पॅनेलच्या कडा कठड्याच्या कडांना समांतर ओढतात. मग त्या क्षितिजरेषेवर जाऊन मिळतात आणि पॅनेल गच्चीवर फरशीसारखं सपाट पडलेलं दिसतं. दक्षिणेकडून बघताना १५ अंश चढत जाणाऱ्या कडा क्षितिजाच्या १५ अंश वर असलेल्या बिंदूकडे धावायला हव्यात. फोनच्या साध्या लेन्सने, फोन सरळ धरून काढलेला ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो असेल तर हा बिंदू क्षितिजरेषेच्या साधारण ८०० पिक्सेल वर येतो, कठड्याच्या त्याच दिशेच्या कडा जिथे मिळतात त्या बिंदूच्या थेट डोक्यावर. आडव्या कडा मात्र कठड्याच्या आडव्या कडांबरोबरच जातात, कारण त्या बाजूला उतार नाही. एवढं पाळलं तर थ्रीडीशिवायही उतार पटण्याजोगा जमतो.

आता जागा. घरातल्या काकूंचं म्हणणं होतं की पॅनेल पुढे, दक्षिणेच्या कठड्याजवळ लावावीत. मागची गच्ची वाळवणाला मोकळी राहते आणि समोरून ती दिसतातही छान. चित्रातही ती जागा उठून दिसते, कारण ती कॅमेऱ्याच्या जवळ आहे. जिन्याची खोली आणि पूर्वेचा कठडा यांच्यामध्ये साडेसात मीटर जागा आहे, म्हणजे ६.९ मीटरची रांग मापात बसते. ती तिथे ठेवली, सूर्य लावला आणि सावली बघितली. तीन वाजता जिन्याच्या खोलीची सावली सर्वात पश्चिमेकडचं पॅनेल जवळजवळ पूर्ण झाकत होती. वेळ चारवर नेली तर दुसऱ्याचाही बराचसा भाग सावलीत गेला. पॅनेलमधले बायपास डायोड झाकलेला भाग वगळून वीज पुढे जाऊ देतात, त्यामुळे अख्खी रांग बंद पडत नाही. पण झाकलेल्या पॅनेलची वीज हातची जाते, आणि हिवाळाभर रोज दुपारी जाते.

रांग उत्तरेकडे सरकवून बघितली. पुढची कड दक्षिणेच्या कठड्यापासून ६.२ मीटरवर आणली. रांगेच्या मागे ६० सेंटीमीटरची वाट उरली, पॅनेल धुवायला माणूस जाईल एवढी. तीन वाजता जिन्याच्या खोलीची आणि टाकीची सावली रांगेच्या अगदी अलीकडे येऊन थांबली. सकाळी नऊला सावल्या वायव्येकडे पडतात आणि रांगेला न शिवता गच्चीबाहेर निघून जातात. चारच्या सुमाराला मात्र खोलीची सावली मधल्या पॅनेलांच्या खालच्या कडेवर चढते. तेही काकूंना दाखवलं. डिसेंबरातल्या उतरत्या उन्हातलं नुकसान फार मोठं नाही, पण ते आहे, आणि ग्राहकाला ते आधी कळायला हवं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, मग मागेच लाव. वाळवण पुढे घालू." पुढच्या मोकळ्या जागेचा बराचसा भाग उन्हात होता, त्यामुळे वाळवणालाही तीच बरी.

इथे नऊ आणि तीन या वेळांबद्दल सांगायला हवं. सावली तपासताना या दोन वेळा धरण्याची पद्धत आहे. पण पुणे भारताच्या घड्याळाच्या रेखावृत्तापासून बरंच पश्चिमेला असल्यामुळे डिसेंबरात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या थोडा नंतर. घड्याळातले नऊ म्हणजे मध्यान्हाच्या साडेतीन तास आधी, आणि तीन म्हणजे जेमतेम अडीच तास नंतर. म्हणून नऊची सावली उंचीच्या २.३ पट असते आणि तीनची १.४४ पट. महाराष्ट्रात पश्चिमेला टाकी, झाड किंवा उंच इमारत असेल तर तीनवर थांबून चालत नाही, चारचीही सावली बघावी लागते.

आता पॅनेलांची स्वतःची सावली. चित्र खरं वाटणं याच्यावर अवलंबून असतं. नवखा माणूस पॅनेलच्या पुढच्या कडेखाली एक काळा पट्टा रंगवतो. प्रत्यक्षात पुढची कड अर्धा मीटर वर असल्यामुळे तीन वाजता ऊन तिच्याखाली शिरतं आणि पॅनेलखालच्या गच्चीचा पुढचा अर्धा मीटर उजळलेला असतो. सावली त्याच्या मागून सुरू होते. रांगेच्या पूर्व टोकाला ती बाहेर सरकलेली दिसते, पुढे अरुंद आणि मागे रुंद, कारण मागची कड जास्त उंच आहे. मागे उत्तरेचा कठडा साठ सेंटीमीटरवरच असल्यामुळे सावली तिथे पोहोचून दुमडते आणि भिंतीवर अर्ध्या मीटरपेक्षा थोडी वर चढते. हे दुमडणं डोळ्यांना लगेच पटतं. ते नसलं तर काय चुकलंय हे सांगता येत नाही, पण पॅनेल तरंगल्यासारखी वाटत राहतात. ब्लेंडरमध्ये गच्चीच्या आणि कठड्याच्या ठोकळ्यांना Shadow Catcher केलं की ते स्वतः दिसत नाहीत, त्यांच्यावर पडलेली सावली तेवढी फोटोवर उतरते आणि हे दुमडणं आपोआप येतं.

सावलीचा गडदपणा आणि रंग फोटोतल्याच सावलीवरून घ्यायचा. उघड्या आकाशाखालची सावली काळी नसते. आकाशाचा निळसर उजेड तिच्यात पडलेला असतो आणि कठड्याजवळ त्याच्या रंगाची झाकही येते. टाकीची सावली फोटोत आहेच, नवी सावली तिच्याइतकीच गडद हवी. कडाही तशाच हव्यात. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात तो अर्ध्या अंशाएवढी जागा व्यापतो. त्यामुळे वस्तूपासून मीटरभर दूर पडलेल्या सावलीची कड साधारण सेंटीमीटरभर पुसट होते. पायाच्या बुडाशी कड रेखीव, आणि उंच कडेच्या सावलीची मऊ. फोटो ढगाळ दिवसाचा असेल तर रेखीव सावली काढायचीच नाही, पॅनेलखाली हलका काळोख पुरे.

पॅनेलचा रंगही बघावा लागतो. जुन्या कॅटलॉगातली चमकदार निळी पॅनेल आता घरांवर फारशी बसत नाहीत. हल्लीची मोनो पॅनेल जवळजवळ काळी दिसतात, त्यांवर बारीक चंदेरी रेघा असतात आणि काचेत आकाशाचं फिकट प्रतिबिंब पडतं. कॅटलॉगातलं चित्र उचलून चिकटवलं की त्यातला उजेड एका बाजूचा आणि घराचा दुसऱ्या बाजूचा, असा घोळ होतो.

डिसेंबरचा फोटो दर वेळी मिळत नाही. फोटो मे किंवा जूनचा असेल तर सावध राहायला हवं. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, सावल्या अगदी आखूड असतात आणि दक्षिणेकडे पडतात. अशा फोटोत जिन्याच्या खोलीशेजारची जागा लख्ख उन्हात दिसते. तो फोटो खोटा नसतो, पण त्यावरून जागा ठरवली तर डिसेंबरात फटका बसतो. म्हणून मी अशा वेळी दोन चित्रं देते. एक फोटोच्या तारखेचं, ज्यात सगळ्या सावल्या फोटोशी जुळतात. दुसरं थ्रीडी ठोकळ्यांचं, २१ डिसेंबरचं, नऊ, बारा, तीन आणि चार वाजताच्या सावल्यांचं. उन्हाळ्याच्या फोटोवर हिवाळ्याची सावली रंगवायची नाही. टाकीची सावली एकीकडे आणि पॅनेलची दुसरीकडे असं चित्र कुणालाही खटकतं.

प्रस्ताव हातात आला की ग्राहकाने या चित्राकडे कसं बघावं? आधी पॅनेल मोजावीत. किंमत सहा पॅनेलांची आणि चित्रात आठ, असं होता कामा नये. मग टाकीची किंवा कठड्याची सावली ज्या दिशेला आहे, त्याच दिशेला पॅनेलची आहे का ते बघावं. त्यानंतर पॅनेलला पाय दिसतात का आणि पॅनेलखाली उजेड-अंधार वेगवेगळे दिसतात का, हे बघावं. आणि चित्राच्या खाली पाच गोष्टी लिहून मागाव्यात: हे संकल्पचित्र आहे, ते कोणत्या तारखेच्या आणि वेळेच्या उन्हातलं आहे, उतार किती अंशांचा, पुढच्या आणि मागच्या पायांची उंची किती, आणि कठड्यापासून रांगेचं अंतर किती. ज्याने गच्ची मोजून चित्र केलंय त्याच्याकडे ही उत्तरं तयार असतात. तोच कागद करारनाम्याला जोडला की स्ट्रक्चर बसवायला आलेला माणूस त्यावरून टेप लावू शकतो, आणि रांग ठरल्या जागेपासून सरकली तर पहिला बोल्ट ठोकण्याआधीच त्याला थांबवता येतं.